दोन ओळींची शिफारस आणि आबांचा आकडा

मला नोकरी लावून देणाऱ्या सरांना मी मेसेज टाकला, तेव्हा वाटलं होतं की चहा निवायच्या आत काम होईल. मागणं तरी काय होतं? दोन ओळी. "सर, माझ्या प्रोफाइलवर तुमची छोटीशी शिफारस मिळाली तर फार बरं होईल. तुम्हीच मला इथं लावलंत. तुम्ही लिहिलंत की मीपण तुमच्यासाठी लगेच लिहिते." खाली जोडलेले हात. नोकरीधंद्याच्या त्या साईटवरूनही रीतसर विनंती पाठवली. तिथं समोरच्या माणसाचं आणि आपलं नातं काय ते आधी निवडावं लागतं. वरिष्ठ, सहकारी, शिक्षक, ग्राहक अशी सगळी नाती होती, पण 'ह्यांनी मला नोकरीला लावलं' असं नातं काही मला सापडलं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांत राहून एकत्र काम केलं, असं काहीतरी निवडलं आणि दिलं पाठवून.

गरज माझी होती. भूमच्या अलीकडं एक डेअरी आहे, तिथं मी केमिस्ट. टँकर आला की दुधाचा नमुना घ्यायचा, फॅट बघायचं, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग बघायचा, भेसळ तपासायची आणि मग गाडी आत घ्यायची का माघारी पाठवायची ते सांगायचं. कंपनी दुसरीकडं नवा प्लांट काढत होती आणि तिथल्या लॅबची इन्चार्ज म्हणून माझंही नाव होतं. पुण्याच्या ऑफिसातल्या एचआर मॅडम फोनवर म्हणाल्या, "तुमचं प्रोफाइल अगदी कोरं दिसतंय हो. तुम्हाला ओळखणाऱ्या बाहेरच्या कुणाची एखादी शिफारस असू द्या, वर दाखवायला बरं पडतं." आता बाहेरचं मला ओळखणारं कोण? आमच्या येरमाळ्यात मला ओळखणारे ढीगभर, पण ते सगळे आमच्या आबांच्या, म्हणजे वडलांच्या, हॉटेलात चहा पिणारे. त्यांची शिफारस काय लावणार, पोरगी गल्ल्यावर बसून सुट्टे पैसे बरोबर देते म्हणून?

म्हणून सर. त्यांचं ऑफिस धाराशिवात, स्टँडच्या मागं, एका गाळ्यात. डेअऱ्या, कारखाने, पवनचक्क्यांच्या कंपन्या ह्यांना माणसं शोधून द्यायचं काम. साईटवर माझा बायोडेटा बघून तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला फोन केला होता. तेव्हा मी क्लासमध्ये नववी-दहावीच्या पोरांना शिकवत होते. नोकरी आहे म्हणाले, तर माझा पहिला प्रश्न, "किती द्यावे लागतील?" सर म्हणाले, "मॅडम, कंपनी मला माझे पैसे देते. तुम्ही मला एक रुपया द्यायचा नाही, आणि कुणी माझ्या नावानं मागितला तर मला सांगायचं." मी फोन ठेवला आणि आईला म्हणाले, फसवणारा दिसतोय. इतकी आमची सवय. पैसे मागणारा खरा वाटतो आणि न मागणारा चोर.

तर मेसेज गेला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. म्हटलं कामात असतील. मी आठवण केली, अगदी गोड. तेही वाचलं. आणि संध्याकाळी बघते तर ह्यांनी त्याच साईटवर भली मोठी पोस्ट टाकलेली, 'मुलाखतीला जाताना काय करावं'. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जगाला शिकवायला वेळ आहे आणि आपण लावलेल्या माणसासाठी दोन ओळी लिहायला नाही? मी काही भीक मागत नव्हते. लिहा, मीही लिहिते, असं सांगितलं होतं. आई म्हणाली, "आगं, त्यांच्या जिवाला काय झालंय का ते तरी इचार आधी." पण मला राग आला की मला ऐकू कमी येतं. रविवारी सुट्टी होती. सकाळची धाराशिवची गाडी पकडली. बोर्डावर धाराशिव, आणि कंडक्टर ओरडतोय उस्मानाबाद, उस्मानाबाद. येडशी जाईपर्यंत काय काय बोलायचं ते सगळं मनात पाठ करून झालं.

गाळा उघडा होता. सर एकटेच, टेबलावर लॅपटॉप, कानात फोन. मला बघून त्यांनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. बसा म्हणून खूण केली. फोनवर कुणाला तरी समजावत होते, "अहो, उद्या रुजू होतो म्हणून सांगितलंत, कंपनीनं गाडी पाठवली, आणि तुम्ही फोन बंद करून बसता?" मला हसू येत होतं, पण मी दाबलं. मी भांडायला आले होते.

फोन झाला. मी सुरू केलं. "सर, लिहायचं नसेल तर नाही म्हणा. माणूस वाट तरी बघणार नाही. मी फुकट मागितलं नव्हतं, मीपण लिहिणार होते."

"तीच तर अडचण आहे, मॅडम," सर म्हणाले.

"कसली अडचण?"

त्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली. हा माणूस वाईट बातमी सांगताना आधी पाणी देतो, हे मला नंतर कळलं. म्हणाले, "एक तर, मी लिहितो आणि तुम्ही लिहिता, दोन्ही एका दिवशी दिसलं की बघणारा म्हणतो अदलाबदल आहे. तू मला चांगलं म्हण, मी तुला चांगलं म्हणतो. त्याला किंमत राहत नाही. पण ते सोडा. ते पुढंमागं करून जमलं असतं."

"मग?"

"तुमच्या कंपनीनं माझ्याकडं खुलासा मागितलाय. मी उमेदवारांकडून पैसे घेतो म्हणून."

मला एकदम हायसंच वाटलं. म्हणजे राग माझ्यावर नव्हता. मी म्हणाले, "कोण म्हणतंय? नाव सांगा. असल्या लोकांना चपलेनं मारलं पाहिजे."

सरांनी लॅपटॉप मिटला. माणूस बिचारा सांगावं का नको ह्यात अडकलेला. शेवटी म्हणाले, "नाव त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, लॅबमधली मुलगी आहे, येरमाळ्याकडची. टँकरच्या ड्रायव्हरकडून कळलं. मुलीच्या वडलांनी स्वतः आकडा सांगितला म्हणे."

लॅबमध्ये येरमाळ्याची मी एकटी. टँकरचे ड्रायव्हर थांबतात ते फाट्यावरच्या आबांच्या हॉटेलात. आणि वडील म्हणजे आबा.

मी म्हणाले, "नाही हो. आमचे आबा असं बोलणार नाहीत."

"मला वाटतं तुम्हाला माहीत नव्हतं," सर म्हणाले. "खरं सांगायचं तर मला आधी तुमचाच राग आला होता. मग तुमचा मेसेज आला. म्हटलं, जिला माहीत आहे ती असा मेसेज टाकायची नाही. आता विचार करा, ह्या आठवड्यात मी तुमची शिफारस लिहिली असती तर त्या मॅडमनी काय वाचलं असतं? पैसे घेणारा पैसे देणारीचं कौतुक करतोय. वरून तुम्ही माझं कौतुक करणार. दोघं मिळून खड्ड्यात. तुमची ती इन्चार्जची जागा गेलीच असती."

म्हणजे हा माणूस आठ दिवस गप्प बसला तो मला वाचवायला, आणि मी गाडीत बसून त्याचा उद्धार करत आले. मला भयंकर लाज वाटली. मी विचारलं, "तुमचं काय होईल?"

"निम्मं काम तुमच्या कंपनीचं आहे. ते गेलं तर हा गाळा सोडावा लागेल. आणि ह्या धंद्यात एकदा पैसे खातो असं नाव झालं की दुसरी कंपनी दारात उभं करत नाही. जिल्हा केवढा आपला!" हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला रडू यायला लागलं.

"मग तुम्ही मला फोन का नाही केला? मी त्याच दिवशी मॅडमना सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं? माझे वडील खोटं बोलतात? मुलीला मी असं कसं सांगू, तुझ्या बापाला खोटं पाड आणि मला वाचव."

घरी येताना गाडीत जागा होती, तरी मी कितीतरी वेळ उभीच होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. सरांच्या बाजूनं लिहावं तर आबा लबाड ठरणार, आणि गावात निम्मी पोरं त्या साईटवर आहेत, नोकरीच्या आशेनं दिवसरात्र तेच बघतात. सकाळी लिहिलं की दुपारी फाट्यावर चर्चा. न लिहावं तर एका भल्या माणसाचा संसार आमच्या तोंडाच्या वाफेवर उधळणार.

फाट्यावर उतरले. आबा भज्यांच्या कढईपाशी. दुपारची वेळ, गिऱ्हाईक फारसं नाही. आबांचं वय झालंय, पण कढई कुणाच्या हातात देत नाहीत. मी सरळ विचारलं. मला आडून आडून बोलता येत नाही, आणि आबांनाही ते आवडत नाही.

"आबा, तुम्ही माझ्या नोकरीला पैसे दिले असं कुणाला सांगितलं?"

झारा कढईत तसाच राहिला. "कोण म्हणलं?"

"सांगितलं का नाही?"

"आता लोक इचारतेत, किती दिलं, किती दिलं. काय तरी सांगावं लागतंय न्हवं."

"काय तरी म्हणजे? 'काही नाही' म्हणायचं! खरं ते सांगायचं! त्या माणसानं आपला चहासुद्धा घेतला नाही, आबा. मुलाखतीच्या दिवशी तुम्ही त्याला पेढ्याचा पुडा दिलात, तोसुद्धा त्यानं शिपायाला दिला. आणि त्याच्या नावावर तुम्ही आकडा लावलात? आता त्याचं काम हातचं जातंय. तुमच्यामुळं!" मी ओरडत होते. रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला बघायला लागला, तरी मला थांबता येईना.

आबांनी गॅस बारीक केला. भजी काढली. काळी पडली होती. मग बाकावर बसले आणि टॉवेलनं तोंड पुसायला लागले, उगीचच, बराच वेळ.

"आधी खरंच सांगत होतो," ते म्हणाले. "काय न्हाय दिलं म्हणत होतो. तर लोक हासायचे. आम्हाला काय सांगता आबा, आम्ही काय हप्ता मागणाराव व्हय? कुणी म्हणायचं, फुकटची नोकरी हाय मग, टिकती काय बघा. त्यो समोरचा मास्तर, पोराला संस्थेत चिटकवायला त्यानं रान इकलं. लोक त्याला उठून जागा देतेत. म्हणतेत, बापानं पोरासाठी केलं. आन् माझ्याकडं बघून काय म्हणायचे? पोरगी शिकली, पोरीनं नोकरी मिळवली, आबा आपले भजी तळतेत. म्या तुझ्यासाठी काय केलं गं? शिकलीस सरकारी कॉलेजात. शिष्यवृत्ती तुझी. नोकरी तुझी. लग्नाचं नाव काढलं तर तू अंगावर येतीस, म्हंजे ते बी न्हाय. एक दिवशी त्या टँकरवाल्यानं इचारलं, किती लागलं. तोंडातनं निघून गेलं. आन् त्यो म्हणला, 'लई केलं आबा तुमी पोरीसाठी.' बरं वाटलं. काय खोटं सांगू तुला. लई बरं वाटलं."

चिडून आले होते, आणि चिडायला समोर कुणी राहिलंच नव्हतं. एक म्हातारा माणूस बसला होता, ज्याला वाटत होतं की आपल्या लेकीच्या आयुष्यात आपला कुठंच हातभार नाही. मी शेजारी बसले. रागही होता, तो गेला नव्हता. पण त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असंही वाटत होतं. शेवटी हात ठेवलाच.

"आबा, ते सर चांगले आहेत. त्यांना दोन पोरी आहेत."

"मला काय म्हाईत, त्याच्या पोटावर येईल," आबा म्हणाले. "आपलं बोलायचं असतंय हाटेलात. कोण एवढं धरून बसतंय." मग म्हणाले, "तू काय लिहायची म्हणतीस, ते लिही. लोक म्हणतील आबा लबाड. म्हणू दे."

"नुसतं मी लिहून भागणार नाही. बातमी टँकरवाल्यानं नेली. मी लिहिलं तर कंपनी म्हणेल, मुलगी नोकरी वाचवायला लिहितेय."

आबा उठले आणि पातेल्यात चहा टाकला. त्या दिवशी घरी जेवणापर्यंत आमच्यात शब्द नाही. आई म्हणाली, बापलेकीचं काय बिनसलंय? आबा आणि मी दोघंही हात धुवायला उठलो. आई म्हणाली, "दोघं बी एकाच मातीचे," आणि ताटं वाढली.

सोमवारी मी आधी पुण्याच्या मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, लपवलं काहीच नाही. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलं. पण मला हे लेखी लागेल. आणि खरं सांगू का, ज्यानं आम्हाला सांगितलं तो माणूस अजून तेच म्हणतोय. वडलांच्या तोंडून ऐकलं म्हणतोय." त्यांचंही बरोबर होतं. त्यांना खुर्चीत बसून दोन्ही बाजू बघायच्या. मी लेखी मेल पाठवला. सरांना कळवलं, की मी कंपनीला सांगितलंय, तुम्ही आता काही करू नका. त्यांचं उत्तर लगेच आलं: 'वडलांना त्रास देऊ नका.' बघा माणूस. गाळा जायची वेळ, आणि ह्याला माझ्या वडलांची काळजी.

तो टँकरवाला आठवड्यातून दोनदा आमच्याकडं थांबतो. दांडगा गडी, मोठ्यानं बोलणारा, मनानं वाईट नाही. गुरुवारी मला दुसरी पाळी होती, म्हणून सकाळी मी गल्ल्यावर होते. टँकर रस्त्याकडंला लागला. तो उतरला, हातपाय धुतले, बाकावर बसला. हॉटेलात आणखी चारपाच जण होते. एसटीची वाट बघणारे, देवीला निघालेलं एक जोडपं, आणि नेहमीचा तो मास्तर, कोपऱ्यात पेपर घेऊन. आबांना मी काही सांगितलं नव्हतं, असं करा म्हणून. खरं म्हणजे, करू नका म्हणावं असंच मला त्या क्षणी वाटलं. चार माणसांत आपल्या बापाला कोण खाली मान घालायला लावतं?

आबांनी स्वतः चहा नेऊन दिला. एरवी पोऱ्या देतो. कप ठेवला आणि तिथंच उभे राहिले.

"ड्रायव्हरसाहेब, एक बोलायचं होतं."

"बोला की आबा."

"पोरीच्या नोकरीचं म्या तुमाला सांगितलं होतं. किती दिलं ते."

"व्हय. मग?"

"ते खोटं हाय. म्या काय दिलं न्हाय. त्या नोकरीवाल्या सायबानं काय घेतलं न्हाय. तुमी कंपनीत सांगितलं, आता त्याच्यावर आलंय. तेवढं म्याडमला फोन करून सांगा, की आबा लबाड बोलला म्हणून. माझं नाव घेऊन सांगा."

मास्तरांचा पेपर खाली आला. टँकरवाला हसायला लागला, त्याला वाटलं चेष्टा. मग आबांच्या तोंडाकडं बघून हसू थांबलं. म्हणाला, "आबा, घाबरू नका ओ. कोण काय केस करत न्हाय. दिलं असलं तर दिलं, सगळेच देतेत."

"न्हाय दिलं," आबा म्हणाले. आवाज चढला. माझा राग कुणाकडून आलाय ते त्या सकाळी सगळ्या फाट्याला कळलं. "किती येळा सांगू? तिची तिनं मिळवली! माझा त्यात काय बी हात न्हाय!"

हे वाक्य बोलायला आबांना किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. लबाड म्हणवून घेणं त्यांना सोपं गेलं. हे दुसरं अवघड होतं. मी गल्ल्यावर बसून रडत होते आणि समोरचं गिऱ्हाईक सुट्टे मागत होतं.

टँकरवाल्यानं तिथूनच फोन लावला. बोलला बापडा नीट. म्हणाला, मॅडम, मीच ऐकलं होतं आणि मीच सांगतोय, म्हातारा फेकत होता. 'फेकत होता' हा शब्द आबांनी उभ्या उभ्या ऐकून घेतला.

पुढचं पटापट झालं. मॅडमनी त्यांच्या रीतीनं आणखी दोघाचौघा जुन्या उमेदवारांना विचारलं, आणि सरांचं काम चालू राहिलं. मग मी सरांसाठी लिहिलं. आधी खूप गोडधोड लिहून पाहिलं, आणि सगळं खोडलं. शेवटी राहिलं ते एवढं: 'ह्यांनी मला सध्याची नोकरी मिळवून दिली. पगार, पाळ्या, प्रवास, सगळं आधीच खरं सांगितलं, न आवडणारंसुद्धा. माझ्याकडून किंवा माझ्या घरच्यांकडून काहीही घेतलं नाही.' सरांनी ते स्वीकारलं आणि आपल्या पानावर लावलं. माझ्यासाठी मात्र लगेच लिहिलं नाही. म्हणाले, थोडे दिवस जाऊ द्या. मीही आता घाई केली नाही.

दीडेक महिन्यानं त्यांचं आलं. मी वाचलं आणि आधी चक्क नाराज झाले. लिहिलं होतं: 'ह्यांचं प्रयोगशाळेतलं काम मी पाहिलेलं नाही, त्याबद्दल त्यांचे वरिष्ठ सांगतील. मुलाखतीत जे येत नव्हतं ते येत नाही असं त्यांनी सांगितलं. कबूल केलेल्या तारखेला त्या रुजू झाल्या. अडचणीच्या वेळी स्वतःचं नुकसान होईल हे माहीत असून खरं बोलल्या.' हुशार नाही, कष्टाळू नाही, काहीच नाही. मी फोन करून म्हणाले, "सर, जरा तरी वाढवायचं होतं." ते म्हणाले, "मी पाहिलं तेवढंच लिहिलं, मॅडम. बदलून हवं असेल तर तिथं बदल मागायची सोय आहे." मी बदल मागितला नाही. तसंच लावलं. इन्चार्जच्या जागेच्या मुलाखतीत साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ही अडचण कसली? मी म्हणाले, घरगुती आहे, पण आपल्या एचआर मॅडमना माहीत आहे. शेजारी बसलेल्या मॅडम हसल्या. जागा मिळाली.

ती बातमी घेऊन मी फाट्यावर उतरले तेव्हा हॉटेलात गर्दी होती. मी आबांच्या हातात पेढ्याचा बॉक्स दिला आणि त्यांनी तो सगळ्यांपुढं फिरवला. आपल्याला आनंद झालाय हे दाखवायची आबांची पद्धत म्हणजे, माझ्याकडं न बघता दुसऱ्यांना वाढायचं. एक नवखा माणूस होता, कळंबकडचा असावा. पेढा तोंडात टाकून म्हणाला, "वा वा! मोठी जागा म्हणायची. किती द्यावं लागलं?"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. मास्तरसुद्धा. मी आबांकडं बघितलं. म्हटलं, आता चिडतात.

आबा चिडले नाहीत. बॉक्सचं झाकण लावलं, परत उघडलं, त्या माणसाला आणखी एक पेढा दिला.

"कुणी मागितलंच न्हाय ओ," ते म्हणाले. "मागितलं असतं तर हे हाटेल इकून दिलं असतं."